आठवा आठवडा : रात्री चार-पाच वेळा लघवी, स्तनांचा दुखरेपणा आणि विलक्षण थकवा. यातले साधारण काय?

मोहोर

नमस्कार. मी नागपूरला राहते, वय २९, पहिलीच खेप. शेवटच्या पाळीपासून मोजल्यास आज आठ आठवडे आणि तीन दिवस झाले आहेत. गेल्या आठवड्यातील सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले. डॉक्टरांनी रक्त-लघवीच्या तपासण्या लिहून दिल्या आहेत, त्या अजून करायच्या आहेत, आणि पुढची भेट तीन आठवड्यांनी आहे.

सहाव्या आठवड्यापासून मला दिवसा तासातासाला आणि रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावे लागते. माझी नोकरी बुटीबोरीला आहे आणि कंपनीच्या बसने जाता-येता प्रत्येकी तास जातो, त्यामुळे एका सहकारी बाईंनी सुचवल्यावरून मी गेले चार दिवस पाणी कमी केले. ऐन मे महिन्यात दिवसभरात जेमतेम एक लिटर पाणी पोटात जात असेल. तरीही फेऱ्या कमी झालेल्या नाहीत. उलट थोडी थोडी, गडद पिवळी लघवी होते आणि शेवटी किंचित जळजळ होते. ताप नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गेले तीन आठवडे स्तन इतके दुखत होते की कूस बदलताना जाग येई, आणि काल दुपारपासून ते दुखणे जवळजवळ थांबले आहे. मला दुखण्यापेक्षा या थांबण्याचीच भीती अधिक वाटते. थकव्याचे सांगायचे तर दुपारी चारनंतर डोळे उघडे ठेवणे अशक्य होते आणि घरी आल्यावर आडवे झाल्याशिवाय मी स्वयंपाकघरात उभी राहू शकत नाही. सासूबाई म्हणतात की सगळ्यांनाच असे होते. यातले खरोखर साधारण काय आणि तीन आठवडे थांबता येणार नाही असे काय, हे कृपया कोणी सांगेल का?

रामटेकची_लेक

लघवीची काळजी करू नका. बाळाचा भार मूत्राशयावर पडतो, म्हणून सगळ्यांनाच फेऱ्या वाढतात. मात्र स्तनांचे दुखणे अचानक थांबणे मला चांगले वाटत नाही. माझ्या नणंदेचे दुखणे नवव्या आठवड्यात असेच थांबले आणि नंतर सोनोग्राफीत ठोके नव्हते. आपण उद्याच्या उद्या दाखवून घ्यावे.

धरमपेठ_आजी

बाळ, आठव्या महिन्यात डोके खाली सरकले की असे होतेच. माझ्या थोरल्या मुलाच्या वेळी मी रात्रभर उठत असे. पाय सुजत असतील तर रक्तदाब मात्र जरूर पाहून घ्यावा.

मोहोर

आजी, आपल्या आपुलकीबद्दल आभारी आहे, परंतु माझा आठवा महिना नसून आठवा आठवडा आहे. रामटेकच्या ताई, आपला प्रतिसाद वाचून मला रात्री झोप लागली नाही.

वैनगंगा

मी प्रसूतिपूर्व तपासणी विभागात २६ वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. मोहोर, सर्वात आधी पाणी पुन्हा सुरू करा, कारण तुमच्या वर्णनात मला खटकणारी गोष्ट तीच आहे.

आठव्या आठवड्यात गर्भाशय साधारण एका संत्र्याएवढे असते. ते अजून ओटीपोटातच, मूत्राशयाला लागून असल्यामुळे थोडा दाब येतो हे खरे, पण फेऱ्यांचे मुख्य कारण दाब नव्हे. दिवस राहिल्यावर मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त वाढते आणि पहिली तिमाही संपेपर्यंत त्यांचे गाळण्याचे काम जवळजवळ दीडपट होते. शिवाय तहानही लवकर लागू लागते. म्हणजे लघवी खरोखरच जास्त तयार होते, आणि म्हणूनच साधारण स्थितीत प्रत्येक वेळी ती बऱ्यापैकी प्रमाणात, फिकट रंगाची आणि त्रास न होता होते. तुम्हाला मात्र थोडी थोडी, गडद आणि जळजळीसह होत आहे. याची दोन कारणे संभवतात. एक तर पाणी कमी केल्याने घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला झोंबते आहे, किंवा जंतुसंसर्ग आहे. घरी बसून या दोहोंत निवाडा करता येत नाही, म्हणून लघवीची साधी तपासणी आणि कल्चर दोन्ही उद्याच द्या. कल्चर एरवीही पहिल्या भेटीच्या वेळी करणे योग्य असते, कारण गरोदरपणात काही जणींच्या लघवीत जंतू असूनही काहीच त्रास जाणवत नाही, आणि उपचार न झाल्यास त्यांतील बऱ्याच जणींमध्ये ते मूत्रपिंडापर्यंत चढतात. नमुना देताना आधी पाण्याने स्वच्छ धुवा, सुरुवातीची धार सोडून द्या आणि मधली धार बाटलीत घ्या. औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविक घेऊ नका.

तीन दिवस एक काम करा. जुना मापाचा मग घ्या, प्रत्येक वेळेची लघवी मोजा आणि वेळेसह वहीत लिहा. किती प्यायलात तेही लिहा. थंडी वाजून ताप, पाठीत बरगडीखाली एका बाजूला दुखणे, लघवीत रक्त, किंवा लघवी लागूनही न होणे, यांपैकी काही झाल्यास वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता स्तनांविषयी. रामटेकच्या ताईंनी जे पाहिले ते खरेच घडले असणार, परंतु त्यावरून नियम काढता येत नाही. हा दुखरेपणा दिवसादिवसाला कमी-जास्त होतो आणि बहुतेकींमध्ये बाराव्या आठवड्याच्या आसपास ओसरतो. याउलट, ठोके थांबल्यानंतरही वारेतून येणारी संप्रेरके काही काळ टिकत असल्याने दुखणे चालूच राहिलेल्या स्त्रियाही मी पाहिल्या आहेत. म्हणून दुखणे आहे किंवा नाही यावरून बाळाचे कळत नाही. ते सोनोग्राफीतच कळते. रक्तस्राव किंवा ओटीपोटात कळा असतील तर मात्र थांबू नका. एकाच स्तनात लाल, गरम गाठ आली किंवा रक्तमिश्रित स्राव झाला, तर ते गरोदरपणाचे म्हणून सोडून देऊ नये.

रामटेकची_लेक

मी घाबरवायला नको होते, क्षमस्व. तरीही मनाच्या समाधानासाठी सोनोग्राफी करून घेण्यात काय गैर आहे?

वैनगंगा

गैर काही नाही. डॉक्टरांना विचारून करता येईल. फक्त दुखणे थांबले एवढ्याच कारणासाठी दर आठवड्याला धावाधाव होऊ नये असे मला वाटते.

मोहोर (पाच दिवसांनंतर)

वैनगंगाताई, आपण सांगितल्याप्रमाणे सर्व केले. नमुने दिल्यानंतर दिवसाला सुमारे तीन लिटर पाणी आणि ताक घेऊ लागले आणि दुसऱ्याच दिवशी जळजळ थांबली. वहीतील नोंदींप्रमाणे दिवसा दहा-अकरा वेळा जावे लागते आणि प्रत्येक वेळी १३० ते १६० मिलिलिटर होते. रात्री चार वेळा उठते आणि त्या प्रत्येक वेळी मात्र २०० ते २५० होते. एकूण बेरीज अडीच लिटरच्या आसपास जाते.

साध्या तपासणीत पस सेल्स ८-१० आले, त्यामुळे एका ओळखीच्या दुकानदाराने लगेच गोळ्या देऊ केल्या. मी त्या घेतल्या नाहीत. कल्चरचा अहवाल काल मिळाला आणि त्यात जंतूंची वाढ नाही. स्तनांचे दुखणे गुरुवारी परत सुरू झाले, आणि त्याचा इतका आनंद होईल असे मला कधी वाटले नव्हते.

रक्ताच्या अहवालात मात्र हिमोग्लोबिन १०.४ आहे, थायरॉइड ठीक आहे, साखर ठीक आहे, आणि सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. याचा माझ्या थकव्याशी संबंध आहे का?

वैनगंगा

लघवीपुरते बोलायचे तर नोंदी समाधानकारक आहेत. त्याच अहवालात एपिथेलियल सेल्स बऱ्याच असतील तर पस सेल्स बाहेरच्या त्वचेवरून मिसळल्या असण्याची शक्यता मोठी आहे. तेवढे पाहून घ्या. कल्चर स्वच्छ आहे, त्यामुळे गोळ्या नाकारल्या हे योग्यच झाले.

थकव्याचा बराच भाग याच दिवसांचा असतो, आणि रात्री चार वेळा मोडणारी झोप त्यात भर घालते. तो चौदाव्या आठवड्यापर्यंत पुष्कळ निवळतो. पण पहिल्या तिमाहीत हिमोग्लोबिन ११ च्या खाली असणे हे साधारण धरत नाहीत, त्यामुळे "सगळ्यांनाच होते" हे उत्तर तुमच्यासाठी पुरेसे नाही. सोल्युबिलिटी चाचणी फक्त इतकेच सांगते की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. तुम्ही वाहक आहात की रुग्ण, हे एचपीएलसी चाचणीने ठरेल. आपल्या विदर्भात वाहक पुष्कळ आहेत, आणि २९ वर्षांपर्यंत सांधेदुखीचे झटके किंवा रक्त चढवण्याची वेळ आली नसेल तर बहुधा तुम्ही वाहक, म्हणजे एएस असाल. केवळ वाहक असल्याने हिमोग्लोबिन सहसा घटत नाही. म्हणून घट कशामुळे आहे हे पाहण्यासाठी फेरिटिनही तपासायला सांगा. लोह कमी निघाले तर वाहकानेही ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायचे असते.

तीन आठवडे थांबता येणार नाही अशी गोष्ट तुम्ही विचारली होती, ती ही आहे. तुमच्या यजमानांची तपासणी याच आठवड्यात करा. तेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते, आणि बाळाची तपासणी करायची की नाही हे ठरवायचे असल्यास वारेचा नमुना अकराव्या आठवड्यापासून घेतात. तुम्ही आता नवव्यात आहात.

एक विचारते. दिवस राहण्यापूर्वीही तुम्ही रात्री लघवीला उठत होता का?

मोहोर

होय. शाळेत असल्यापासून रात्री एकदा तरी उठतेच. आईही उठते, त्यामुळे ती आमच्या घरची सवयच आहे असे मी समजत होते.

वैनगंगा

सिकलसेलच्या वाहकांमध्ये मूत्रपिंड रात्री लघवी घट्ट करण्यात कमी पडू शकते. तुमच्या नोंदींत रात्रीच्या प्रत्येक वेळेचे प्रमाण दिवसाच्या प्रत्येक वेळेपेक्षा मोठे आहे, म्हणून मला ते सुचले. मात्र गरोदरपणातही रात्रीची लघवी वाढतेच, त्यामुळे तुमच्या बाबतीत कशाचा वाटा किती, हे मी सांगू शकत नाही. वाहक स्त्रियांना या काळात लघवीचा संसर्ग होण्याची शक्यता थोडी अधिक असते, म्हणून पुढेही कल्चर करत राहण्याविषयी डॉक्टरांशी बोला. आणि लघवी घट्ट करता न येणाऱ्या शरीराला पाणी कमी करणे अधिकच बाधते, हेही लक्षात ठेवा. संध्याकाळचा चहा सोडा, पाण्याचा मोठा वाटा दुपारपर्यंत संपवा, झोपण्याआधीचे दोन तास घोटभरच घ्या. दिवसाची बेरीज मात्र कमी करू नका.

हिंगणा_२१

माझी पत्नी एएस आहे आणि तिलाही दोन्ही वेळा असाच रात्रीचा त्रास होता. पहिल्या बाळंतपणानंतर तो त्रास गेला, दुसऱ्या बाळंतपणानंतर मात्र अजूनही आहे. आम्हाला कोणी कारण सांगितले नव्हते.

मोहोर

आज सकाळी दोघांचेही नमुने एचपीएलसीसाठी दिले आहेत आणि माझे फेरिटिनही लिहून घेतले आहे. अहवाल शुक्रवारी मिळेल. आईलाही तपासणी करून घेण्यास सांगितले आहे. यजमानांचा अहवाल काय येतो ते येथेच लिहीन.