मिड-सेमची फेरपरीक्षा: सही कुणाची, कागद कोणता?

मेकॅनिकलचे सर, लातूर
मिड-सेमला दांडी मारायची आणि दोनशे रुपयांचं मेडिकल आणून फेरपरीक्षा मागायची, हा धंदा झालाय. माझ्यापुरतं ठरवलंय: सिव्हिल हॉस्पिटलच्या एमबीबीएस डॉक्टरचं सर्टिफिकेट असेल तरच परीक्षा, नाहीतर शून्य. विषय माझा, निर्णय माझा. कुणाला काही म्हणायचंय?

परीक्षा विभाग, नऊ वर्षं
म्हणायचंय, आणि लांबलचक म्हणायचंय. कारण तुमच्यासारख्या नियमानं खोटं बोलणारा सुटतो आणि खरा आजारी अडकतो. हे मी टेबलावर पाहिलंय.

मागच्या वर्षीच्या दोन अर्जांची गोष्ट सांगतो. एक मुलगा भूम तालुक्यातल्या खेड्याचा. रविवारी ताप भरला, सोमवारी गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. मंगळवारी पहिला पेपर, त्याच सकाळी बापानं मोटारसायकलवर ग्रामीण रुग्णालयात नेलं. रक्त तपासलं, प्लेटलेट बासष्ट हजार. शुक्रवारपर्यंत भरती, तिन्ही पेपर बुडाले. पोरानं केसपेपर, लॅबचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड एवढं आणलं. सर्टिफिकेट आणलंच नव्हतं, कारण ते मागायचं असतं हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. तुमच्या नियमानं त्याला शून्य.

दुसऱ्याकडे सर्टिफिकेट होतं, तेही एमबीबीएसचं, शिक्का ठसठशीत. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्या उपचाराखाली होता' असं लिहिलेलं. पण दिल्याची तारीख परीक्षा संपल्यानंतर आठ दिवसांची, आणि ते पाच दिवस उपचार झाल्याचा दुसरा एकही कागद नाही. केसपेपर नाही, औषधाचं बिल नाही. तुमच्या नियमानं हा पास.

मी पहिल्याची परीक्षा घेतली, दुसऱ्याला नाही म्हटलं. सर्टिफिकेट हा शेवटचा कागद असतो सर. आधी बघायचा तो आजारपण चालू असताना तयार झालेला कागद. त्यावरची तारीख नंतर कुणाला बदलता येत नाही, कारण ओपीडीच्या रजिस्टरला तो नंबर त्याच दिवशीच्या रांगेत असतो.

सर्टिफिकेटच हवं असेल तर ते बघायचं कसं तेही सांगतो. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरनं दिलेल्या सर्टिफिकेटांचं वेगळं रजिस्टर ठेवायचं असतं, प्रत जवळ ठेवायची असते, आणि सर्टिफिकेटवर रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि अंगावरची एक खूण लिहायची असते. विकत घेतलेल्या कागदावर खुणेची ओळ बहुतेक वेळा रिकामी असते, कारण डॉक्टरनं पोरगं पाहिलेलंच नसतं. शंका आली तर मी फोन करून एकच विचारतो, या नावाची आणि तारखेची नोंद तुमच्या रजिस्टरला आहे का. आजार काय होता हे विचारत नाही. तो आपला अधिकार नाही.

आता 'निर्णय माझा'. आमच्याकडे तासिका तत्त्वावरच्या एका सरांनी मुलीला तोंडी सांगितलं, 'घेतो तुझी नंतर.' घेतलीही, वीसपैकी पंधरा दिले. मार्क पोर्टलवर चढायच्या आधी सरांना दुसरीकडे नोकरी लागली. पेपर त्यांच्या घरी, कागदोपत्री परवानगी नाही, विभागप्रमुखांना पत्ता नाही, पोर्टल बंद. मुलगी गैरहजर ती गैरहजरच राहिली. लोणेरे विद्यापीठाच्या पॅटर्नमध्ये सीए, म्हणजे सत्रभर चालणारं मूल्यमापन, २०, मिड-सेम २०, एंड-सेम ६०. तिला सीएला १७ आणि शेवटी ४५ मिळाले, म्हणजे ७७ च्या जागी ६२. म्हणून आम्ही तेव्हापासून अर्ज विभागप्रमुखांमार्फतच घेतो. विषय शिक्षक शेरा लिहितो, परीक्षा विभाग कागद तपासतो, प्राचार्यांची सही होते आणि मगच पेपर निघतो. प्रत विद्यार्थ्याच्या हातात.

मेकॅनिकलचे सर, लातूर
तुमच्याकडे परीक्षा विभाग आहे, आमच्याकडे मीच आहे. एका विषयाला एकतीस अर्ज आले होते. दुसरा पेपर मला काढावा लागतो, तोही त्याच सीओंवर, म्हणजे विषयातून काय यायला हवं त्या ठरलेल्या मुद्द्यांवर, आणि त्याच काठिण्याचा, नाहीतर ते मुद्दे किती साधले याच्या अटेनमेंटच्या तक्त्यात प्रश्न येतो. सोपा काढला तर वेळेवर परीक्षा दिलेली पोरं विचारतात, आम्ही काय पाप केलं? त्यांच्या बाजूनं कुणी बोलत नाही. त्यात सात जणांचं मेडिकल एकाच दवाखान्याचं, एकाच पेनानं लिहिलेलं. दवाखाना कुणाचा? बीएएमएसचा. म्हणून एमबीबीएसची अट.

खेड्यातला डॉक्टर, बीएएमएस
राग येऊन लिहितोय, सरळ बोलतो. आमच्या अवतीभवतीच्या गावांत मी एकटा आहे. रात्री दोनला विंचू चावलेलं लेकरू माझ्याच ओट्यावर आणतात. महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्यानं आमची नोंदणी होते, नोंदणी क्रमांक माझ्या पाटीवर आणि चिठ्ठीवर आहे. तुमच्या विद्यार्थ्याला सोमवारी मी तपासलं, तर सोमवारचा खरा साक्षीदार मीच. चाळीस किलोमीटरवरचा सिव्हिलचा डॉक्टर त्याला गुरुवारी बघून सोमवारचं काय लिहिणार? तो प्रामाणिक असेल तर लिहिणारच नाही.

नांदेडकर
डॉक्टरसाहेब, पण सात सर्टिफिकेटं एका पेनानं कशी निघाली हे सांगा की. आमच्या गल्लीत तर पोरगं न बघता कंपाउंडर लिहून द्यायलाय.

खेड्यातला डॉक्टर, बीएएमएस
निघतात. नाही म्हणत नाही. माझ्याकडेही येतात, पाहुणे येतात, पुढाऱ्याचा फोन येतो, 'लेकराचं वर्ष वाया जाईल' म्हणतात. दोनदा मी दिलंय, सुरुवातीच्या काळात. आता देत नाही, आणि त्यापायी चुलत्यानं बोलणं सोडलंय. पण पैसे घेऊन लिहिणारा एमबीबीएसही मी पाहिलाय. खोटं सर्टिफिकेट दिलं तर रजिस्टरमधून नाव जाऊ शकतं, हे २००२ च्या नियमांत त्यांच्यासाठीही लिहिलंय. तक्रार कॉलेजनं करायची असते. तुम्ही सात कागद हातात घेऊन कौन्सिलकडे गेलात का सर? नाही ना. तुम्ही आमच्या सगळ्या जमातीवर बंदी घातली.

नांदेडकर
हे मात्र खरं. कॉलेजं तक्रार करत नाहीत, पोराला शून्य देऊन मोकळी होतात.

हक्काची बाजू
एवढा वाद कशाला? मेडिकल दिलं की फेरपरीक्षा घ्यावीच लागते, तो विद्यार्थ्याचा हक्क आहे. नाही घेतली तर विद्यापीठाकडे जायचं.

परीक्षा विभाग, नऊ वर्षं
अर्धं बरोबर आहे. अर्ज घेणं, तपासणं आणि नाकारला तर कारण लेखी देणं, एवढं कॉलेजवर आहेच. पण कागद ठेवला की परीक्षा, असं होत नाही. नाकारायचा अधिकार नसेल तर तपासायचं कशाला? आणि विद्यापीठाकडे जाणारा विद्यार्थी पोचपावतीशिवाय जातो, मग तिथं पहिला प्रश्न तोच, अर्ज केला होता याला पुरावा काय? अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. तेवढं केलेला मुलगा मी हरलेला पाहिला नाही.

एक आई, परभणी
माझ्या मुलाचा एम-थ्री, म्हणजे गणिताचा पेपर, एंड-सेमला राहिला आहे. त्याची फेरपरीक्षा कधी? अर्ज प्राचार्यांकडे द्यायचा का?

परीक्षा विभाग, नऊ वर्षं
ताई, तो बॅकलॉग. त्याला विद्यापीठाचा परीक्षा फॉर्म भरायचा असतो, कॉलेजचा अर्ज नाही. इथं मिड-सेमचं चाललंय.

सेकंड इयर, धाराशिव
सगळे आजारपणावरच भांडायलेत. माझी आजी पेपरच्या आदल्या रात्री वारली. मी तिच्याकडेच वाढले. पाचव्या दिवशी कॉलेजला गेले तर मृत्यूचा दाखला मागितला. ग्रामसेवकाकडे आमच्यासह तीन गावं, आठवड्यातून दोनदा येतात. मृत्यूची नोंद करायलाच कायद्यानं एकवीस दिवसांची मुदत आहे, मग दाखला पाचव्या दिवशी कुठून आणू? आणि विभागातून ऐकवलं की आजी जवळच्या नात्यात बसत नाही. मी तिथंच रडले. परीक्षा झाली नाही.

परीक्षा विभाग, नऊ वर्षं
हे चुकलं, बाळा. आमच्याकडे पोलीस पाटलाचं किंवा सरपंचाचं पत्र घेतो आणि दाखल्याला महिन्याची मुदत देतो. परीक्षा आधी घेतो, मार्क दाखला आल्यावर चढवतो. 'जवळचं नातं' कुणी ठरवायचं, यावर आमच्याच बैठकीत दोन वर्षं वाद चाललाय. मिटलेला नाही.

मेकॅनिकलचे सर, लातूर
आजीच्या बाबतीत मीही घेतली असती. एवढा दगड मी नाही.

सीनाकाठ
सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमचं गाव पाण्यात होतं, माणसं हेलिकॉप्टरनं काढली. त्या आठवड्यात माझ्या भावाचा पेपर होता. कॉलेजनं तलाठ्याचं पत्र मागितलं. तलाठी पंचनाम्यात, त्याला कुठं गाठणार? शेवटी गावातल्या चार पोरांनी मिळून एकच अर्ज केला, तेव्हा घेतली. एकट्याचा अर्ज पडून होता. पूर सगळ्या तालुक्याला ठाऊक असताना प्रत्येक पोराकडून वेगळा कागद कशासाठी?

परीक्षा विभाग, नऊ वर्षं
तिथं कागद मागायलाच नको होता. प्रवेशाच्या अर्जावर गावाचं नाव असतं. त्यावरून कॉलेजनंच यादी काढायची.

थर्ड इयर, औसा रोड
मी खरं कारण लिहू का? माझ्याकडे कुठलाच कागद नाही. मिड-सेम आली तेव्हा आमचं साडेतीन एकर सोयाबीन काढायला आलं होतं. वर ढग, मजूर मिळेना, वडिलांचा हात मोडलेला. दोन दिवस मी आणि आईनं काढलं, तिसऱ्या दिवशी पाऊस आला. दोन पेपर गेले. मित्र म्हणाले, मेडिकल आण, दोनशे रुपयांत होतं. मी नाही आणलं. अर्जात सोयाबीन लिहिलं. 'हे कारण होऊ शकत नाही' असा शेरा मारून परत आला. खोटा कागद आणला असता तर आज माझे मार्क असते.

मेकॅनिकलचे सर, लातूर
वाईट वाटतं, पण सोयाबीनला मी परवानगी देणार नाही. आज काढणी, उद्या बहिणीचं लग्न, परवा दुकान. रेघ कुठं ओढू? मराठवाड्यात त्या पंधरवड्यात निम्म्या वर्गाच्या घरी काढणी असते, आणि त्यातलेच बहुतेक येऊन पेपर देतात.

खेड्यातला डॉक्टर, बीएएमएस
मग मिड-सेम काढणीच्या पंधरवड्यात ठेवता कशाला?

मेकॅनिकलचे सर, लातूर
वेळापत्रक मी लावत नाही. पुढे सरकवलं तर दिवाळी, मागे घेतलं तर अभ्यासक्रम अर्धाही होत नाही.

परीक्षा विभाग, नऊ वर्षं
सोयाबीनचा अर्ज माझ्याकडे आला असता तर मी काय केलं असतं, प्रामाणिकपणे सांगतो, मला ठरवता येत नाही. वडिलांचा हात मोडला याचा एक्स-रे असणार. त्याच्या आधारावर मी प्राचार्यांपर्यंत गेलो असतो. सही झाली असती की नाही, सांगता येत नाही.

मेकॅनिकलचे सर, लातूर
ठीक. एमबीबीएसची अट मी काढतो. त्याच दिवसांचा केसपेपर चालेल, डॉक्टर कुणीही असो, नोंदणी क्रमांक पाहिजे. परत आल्यापासून तीन दिवसांत अर्ज, चौथ्या दिवशी घेणार नाही. आणि सही विभागप्रमुखांची घेईन, तेवढं तुमचं ऐकलं. ती सात सर्टिफिकेटं अजून कपाटात आहेत.

थर्ड इयर, औसा रोड
एक्स-रे आहे सर, प्लास्टरच्या दिवसाची तारीख आहे त्यावर. पोर्टल अजून चालू आहे का?