उत्तर: लॅपटॉपला 169.254 चा पत्ता का मिळतो?

> "मालवणात आमचं होमस्टे आहे. सीझनला दुपारनंतर लॅपटॉप वायफायला जोडला जातो, पण पत्ता 169.254 ने सुरू होतो आणि नेट नाही. सकाळी सगळं ठीक."

दादा, तो पत्ता राउटरने दिलेला नाही, लॅपटॉपने स्वतःच घेतलाय. लॅपटॉप आधी "कुणी पत्ता देता का?" अशी हाक सगळ्यांना मारतो (डिस्कव्हर). राउटर एक पत्ता देऊ करतो (ऑफर), लॅपटॉप तो मागतो (रिक्वेस्ट) आणि राउटर मुदतीसह मंजुरी देतो (अ‍ॅक). तुमच्याकडे ऑफरच येत नाहीये.

दुपारीच का, तर बहुधा पत्ते संपतात. समजा राउटरमध्ये 192.168.1.100 ते 149 एवढेच, म्हणजे ५० पत्ते आहेत आणि मुदत २४ तास. दहाला गेलेल्या पाहुण्यांचे ३० फोन तारकर्लीला पोचले तरी त्यांचे पत्ते अडकलेलेच. फोन अर्ध्या मुदतीला नूतनीकरण करतो, त्यामुळे ते सुटायला १२ ते २४ तास लागतात. एकला नवे ३० फोन आले की दहा जण उपाशी! हे पत्तेवाटप म्हणजेच डीएचसीपी; राउटरच्या डीएचसीपी यादीत गेलेल्यांची नावं दिसली की समजायचं.

मुदत २ तास करा, पत्ते 20 ते 249 करा. मग लॅपटॉपवर:

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

तरीही तेच झालं, तर हाताने 192.168.1.10 (मास्क 255.255.255.0) घालून 192.168.1.1 ला पिंग करा. उत्तर आलं तर दोष डीएचसीपीत. नाही आलं तर जोडणीतच. मधे केबलवरचा अ‍ॅक्सेस पॉइंट असेल तर खाऱ्या हवेने हिरवट पडलेल्या पिना आधी बघा.