'सपाट' व्याज म्हणजे नेमकं काय?

सातपूरची मावशी
भाचा कारखान्यात नुकताच लागलाय. पहिली गाडी, पहिलंच कर्ज. फायनान्सवाल्यांच्या मराठी कागदावरचं वाक्य जसंच्या तसं देते: "व्याज आकारणी मंजूर रकमेवर, थकबाकी मुद्दलाच्या निरपेक्ष, संपूर्ण मुदतीकरिता ११% वार्षिक सपाट दराने करण्यात येईल."

हे सोप्या मराठीत लिहून द्यायला बसले आणि 'सपाट'वर अडले. त्याच्या लेखी सपाट म्हणजे चप्पल. 'फ्लॅट रेट'ला बरा शब्द सुचवा. कर्ज ६०,०००, मुदत २ वर्षं, हप्ता ३,०५०. प्रोसेसिंगचे १,२०० आधीच कापून घेणार.

द्राक्षबाग
सपाट म्हणजे स्थिर. दर बदलणार नाही, एवढंच. 'स्थिर दर' लिहा. आमच्या सोसायटीचं पीककर्ज वेळेत फेडलं तर व्याजच नाही. तिथल्या फलकावर चक्क 'निर्व्याज कर्ज' लिहिलंय.

शब्दवेडी
निर्व्याज प्रेम असतं हो, कर्ज बिनव्याजी असतं! संस्कृतात व्याज म्हणजे कपट, बहाणा. व्याजस्तुती त्यातलीच. सावकारी व्याजाला हा शब्द उगाच नाही चिकटला.

जुनी खातेवही
(बँकेतून निवृत्त, सध्या मुक्काम पंचवटी) द्राक्षबाग, स्थिर वेगळं आणि फ्लॅट वेगळं. स्थिर म्हणजे दर हलत नाही. फ्लॅट म्हणजे ज्या रकमेवर व्याज धरलं, ती रकमच हलत नाही.

मावशी, भाच्याला असं दाखवा. ६०,००० चे ११ टक्के ६,६००, दोन वर्षांचे १३,२००. ते मुद्दलात मिळवून २४ ने भागलं की ३,०५०. म्हणजे हप्त्यात २,५०० मुद्दल आणि ५५० व्याज. आता शेवटचा महिना बघा. या हिशेबाने मुद्दल उरलंय फक्त अडीच हजार, तरी व्याज तेच ५५०. फिटलेल्या पैशांवरही व्याज चालूच. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच हप्ता वर्षाला जवळजवळ २० टक्क्यांचा होतो. कापलेले १,२०० धरले तर २२ चा.

सातपूरची मावशी
अकराचे बावीस! मग कागदावर अकरा कसं चालतं?

जुनी खातेवही
दुसरं पान मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना अशा नव्या किरकोळ कर्जासोबत एक माहितीपत्रक द्यावं लागतं. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं आणि त्यात खर्चासकट वार्षिक दर हवा. बावीसच्या आसपासचा आकडा तिथे सापडेल.

अंबड लिंक रोड
एवढं कशाला? वर्षभराने बंद करून टाकायचं. अर्धं व्याज वाचलं, ६,६०० खिशात.

जुनी खातेवही
इथेच पोरं फसतात. बंद करायला गेलं की कंपनी घटत्या शिलकीचा तक्ता काढते. त्यात सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज जास्त असतं. बारा हप्त्यांनंतर ३०,००० नाही, सुमारे ३२,९५० मागतील. वाचतील ३,६५० च्या आसपास. त्यातून मुदतीआधी बंद करण्याचा आकार जाईल तो वेगळाच.

शब्दवेडी
त्या वाक्यातली 'थकबाकी' कुणालाच खटकली नाही? थकबाकी म्हणजे वेळेत न भरलेलं. इथे हवं 'शिल्लक'.

सातपूरची मावशी
अगदी! भाचा घाबरून म्हणाला, "मावशी, अजून गाडी घरी नाही आली, थकबाकी कुठून आली?" मी आता असं लिहिलंय:

"कर्ज ६०,००० चं. हातात ५८,८०० येतील. दरमहा ३,०५० असे २४ हप्ते भराल. एकूण ७३,२०० जातील. म्हणजे हातात आले त्यापेक्षा १४,४०० जास्त. कर्ज फिटत जाईल तसं मुद्दल कमी होईल, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण ६०,००० वरच धरलं आहे. मध्येच कर्ज बंद केलंत तर उरलेलं सगळं व्याज वाचेल असं धरू नका. किती भरावे लागतील ते आधी लेखी विचारा."

पण शब्द राहिलाच. 'सरसकट व्याज' कसं वाटतं?

शब्दवेडी
सरसकट म्हणजे सगळ्यांना सारखं, कर्जमाफीसारखं. 'मूळ रकमेवरचं व्याज' म्हणा.

अंबड लिंक रोड
शोरूममध्ये जाऊन 'मूळ रकमेवरचं व्याज' म्हणून बघा. काउंटरवरची मुलगी विचारेल, "फ्लॅट का?" पोराला तोच शब्द कळायला हवा.

जुनी खातेवही
माझंही तेच मत. फ्लॅट राहू द्या, पुढे एक वाक्य जोडा. आणि तो सपाट तेवढा खोडा.

शब्दवेडी
म्हणजे मराठीने हातच टेकायचे?

अंबड लिंक रोड
'हप्ता' तरी कुठे आपला? फारसीतला आठवडा तो, आपण महिन्याला भरतो.

द्राक्षबाग
आमच्याकडे बाजारात अजून आठवड्यालाच घेतात. पण ते हप्ते वेगळे. बरं, मग त्या सोसायटीच्या फलकाचं काय करायचं? सचिव म्हणतो, निर्व्याजच बरोबर आहे.