‘फर्स्ट मूव्हर ॲडव्हांटेज’ला मराठीत काय म्हणावं?

उंबरठा: एका कंपनीने प्रतिस्पर्ध्याच्या आधी बाजारात उतरावं की नाही, यावरचा लेख मराठीत आणतोय. ‘अग्रप्रवेशाचा लाभ’ चालेल?

दिवेलागण: ‘आधी येईल त्याचं गिऱ्हाईक’ असं साधं लिहा की.

जुनी वही: ते अर्धंच खरं आहे. गिऱ्हाईक आधी मिळणं वेगळं आणि दुसऱ्याने यायचंच टाळणं वेगळं. समजा बाजार एकालाच पुरेल एवढा आहे. एकटा उतरला तर त्याला 10 कोटी मिळतात, दोघे उतरले तर प्रत्येकाचे 5 कोटी जातात, बाहेर राहिलं तर शून्य. पहिला उतरला की दुसऱ्यापुढे उणे पाच किंवा शून्य एवढंच उरतं. तो बाहेर राहतो. पहिल्याला हे आधीच दिसतं, म्हणून तो उतरतो. दुसऱ्याला आधी संधी असती, तर 10 कोटी त्याचे. लाभ चालीच्या क्रमाचा आहे, म्हणून मी ‘पहिल्या चालीचा फायदा’ म्हणेन.

पेणची पोर: आमच्या गल्लीत पहिलं झेरॉक्सचं दुकान माझं. तीन महिन्यांत समोर दुसरं उघडलं! कसला फायदा?

जुनी वही: दोन दुकानं चालत असतील, तर तुमचं गणितच वेगळं. आणि एकालाच पुरेल एवढी गल्ली असली, तरी तुमचं मशीन भाड्याचं असेल तर समोरच्याला वाटणार, ‘आपण उतरलो की ही गाशा गुंडाळेल.’ पहिली चाल मागे घेता येण्यासारखी नको, आणि ती दुसऱ्याला दिसायला हवी.

पेणची पोर: मशीन भाड्याचंच होतं. 😑

उंबरठा: लेखात एअरबसचं उदाहरण आहे.

जुनी वही: उत्तम आहे, पण जपून वापरा. डिसेंबर 2000 मध्ये एअरबसने ए-380 हे महाकाय प्रवासी विमान बांधायचं पक्कं केलं आणि काही महिन्यांतच बोइंगने मोठ्या 747चा बेत गुंडाळला. इथवर पुस्तकी. पण 2005 मध्ये बोइंगने 747-8 बांधायचं ठरवलंच. जुन्याच विमानाची वाढीव आवृत्ती, त्यामुळे उतरायचा खर्च कमी. आणि ए-380 सुमारे 250 विकून 2021 मध्ये थांबलं. एवढ्या मोठ्या विमानांचा बाजार मुळात एकालाही पुरला नाही. आपला 10 कोटींचा आकडाच चुकीचा निघाला, तर आधी उतरणारा आधी बुडतो.

दिवेलागण: मग पत्त्यांतला ‘उतारीचा फायदा’ कसा वाटतो? बाजारात उतरणंही त्यात आलं.

जुनी वही: शब्द गोड आहे. पण पत्त्यांत शेवटी पान टाकणाऱ्याचीच चंगळ असते, बाकीच्यांची पानं बघून टाकतो ना! किमतींच्या स्पर्धेतही पुष्कळदा तसंच होतं. पहिल्याने भाव जाहीर केला की दुसरा दोन रुपये खाली येतो.

उंबरठा: तूर्त ‘पहिल्या चालीचा फायदा’ ठेवतो. ‘उतारी’ मात्र मनातून जात नाहीये.