सल्ला हवा: जीन्सला मागे फट पडते, राइज किती घ्यावा? (ठाणे, बजेट १५००)

मुग्धा_घोडबंदर: माझी कंबर बेंबीपाशी २९ इंच, नितंब ४०. मिड राइजच्या ३२ नंबरच्या दोन जीन्स आहेत. मांडीला, सीटला छान बसतात, पण ऐरोलीला ऑफिसात खुर्चीत बसले की मागून पट्टा खाली ओढला जातो आणि टॉप सारखा खाली खेचावा लागतो. हाय राइज घेतल्यावर हे थांबेल का? बजेट १५०० पर्यंत.

स्नेहल_नौपाडा: डोळे झाकून हाय राइज घे. मी चार हजारांची घेतली, तिसरं वर्ष चालू आहे आणि अजून गुडघ्याला पोचा आलेला नाही. स्वस्तातली जीन्स घेऊन रडण्यापेक्षा एकदाच चांगली घ्यावी.

मुग्धा_घोडबंदर: ताई, बजेट १५०० आहे.

प्रशांत_नेरुळ: घोट्याशी गोळा होते का? मग लांबी ३० ची घ्या. मला ३२ लांबीची नेहमी दुमडावी लागते.

वैदेही_वाशी: दादा, त्या लांबीचं विचारत नाहीयेत. राइज म्हणजे दोन पायांच्या मधल्या शिवणीपासून पट्ट्याच्या वरच्या काठापर्यंतचं अंतर. मुग्धा, हाय राइज कमरेच्या बारीक भागावर बसते, त्यामुळे एक नंबर लहान घे. माझी ३० ची मिड राइज, हाय राइजमध्ये २८ बसते.

कापडकाम: वैदेहीताईंचं कमरेपुरतं बरोबर आहे. पण नितंब ४० आणि कंबर २९ असताना नंबर उतरवला तर पट्टा बसेल आणि जीन्स मांडीवरच अडेल. मी ठाण्यात आल्टरेशनचं काम करतो, हीच तक्रार घेऊन बायका येतात.

आधी फट कधी पडते ते बघा. सरळ उभं राहून मागच्या पट्ट्यात हात घाला. उभ्यानेच चार बोटं सहज गेली तर पट्टा सैल आहे. उभ्याने नीट आणि बसल्यावर खाली सरकला तर मागचं आसन, म्हणजे मागचा राइज, अपुरं आहे. दुकानात सगळे फक्त पुढचा राइज सांगतात. साधारण ८ च्या आत लो, ९-१० मिड, ११ च्या वर हाय, पण कंपनीगणिक फरक पडतो. मागचं आसन पुढच्यापेक्षा तीन-चार इंच जास्त असतं आणि बसताना ताण तिथेच येतो.

आता टेप घ्या. पट्टा जिथे बसायला हवा तिथे दोरी बांधा, पुढच्या दोरीपासून पायांमधून मागच्या दोरीपर्यंत मोजा. मग जीन्सचं पुढचं आणि मागचं आसन मोजून बेरीज करा. दोन्ही आकडे इथे टाका.

मुग्धा_घोडबंदर: बेंबीच्या दोन इंच खाली दोरी बांधली तर २४ आलं. जीन्स पुढे ९, मागे १२, म्हणजे २१. उभ्याने बोटं जेमतेम जातात.

कापडकाम: तीन इंच कमी. स्ट्रेच कापड थोडं सांभाळून घेईल, तीन इंच नाही. टक मारून पट्टा आवळला तरी बसल्यावर तो उतरणारच, शिवाय आसन वाढवता येत नाही, शिवणीत तेवढं कापडच नसतं. पुढे ११, मागे १४ च्या आसपासची घ्या, नितंबाच्या मापाने. कंबर सैल राहिली तर मागच्या मधल्या शिवणीतून इंच-दीड इंच कमी करून मिळते. त्याहून जास्त घेतलं की मागचे खिसे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात.

स्नेहल_नौपाडा: हेच मी वर लिहिलं, हाय राइज घे.

समीर_उल्हासनगर: मॉलमध्ये कशाला जाता? कॅम्प ५ ला या, अख्खा जीन्सचाच बाजार आहे. टेप घेऊन या मात्र. एकाच लॉटमधल्या एकाच नंबरच्या दोन जीन्सचं आसन अर्ध्या इंचाने वेगळं निघतं.

वैदेही_वाशी: स्ट्रेच नको, दोन महिन्यांत सैल पडते.

कापडकाम: निव्वळ सुतीही दिवसभर घातली की ढिली पडते आणि धुतल्यावर परत आखडते. दोन टक्के इलॅस्टेन असलेली वाईट नाही, फक्त ड्रायरमध्ये किंवा कडक उन्हात वाळवू नका.

मुग्धा_घोडबंदर: काल ट्रायल घेतली. ११ ची हाय राइज उभ्याने अप्रतिम बसली, पण खुर्चीत बसल्यावर पुढचा पट्टा बरगडीखाली टोचला. माझं धड आखूड आहे, मला दिवसभर नाही जमणार. पुढे १०, मागे १३.५ ची ३२ नंबरची मिड राइज मिळाली, १२९९ ला. बसून, वाकून बघितलं. मागे किंचित उतरते, पण टॉप जागेवर राहतो. तीच घेतली.

स्नेहल_नौपाडा: आठवड्यात बदलशील बघ.

कापडकाम: बेरीज २३.५ झाली, म्हणजे चालायला हवी. पट्टा मात्र आता आवळून घेऊ नका. दोन धुण्यांनंतर बघा, मग ठरवा.

प्रशांत_नेरुळ: पुरुषांच्या जीन्सलाही असंच मोजायचं का?