मदत हवी आहे: √-5 जोडल्यावर 6 चे अवयव दोन प्रकारे का पडतात?

सांगलीत एमएस्सीला आहे, रिंग थिअरी चालू आहे. पूर्णांकांत √-5 टाकलं की 6 = 2·3 आणि 6 = (1+√-5)(1-√-5) पण. नॉर्म a²+5b² घेतला तर 2 चा 4, 3 चा 9, उरलेल्या दोघांचा 6, आणि नॉर्म 2 किंवा 3 असलेला आकडाच तिथं नाही त्यामुळं चौघांतलं कुणीच पुढं फुटत नाही, हे पटलं.

अडलंय भागाकारात. √-1 ला बाकी भाजकापेक्षा लहान ठेवता येते, इथं (1+√-5) ला 2 नं भागलं तर काहीही करा, बाकीचा नॉर्म 6 च्या खाली येत नाही आणि भाजकाचा तर 4 च. मग नुसता भागाकार बिघडला एवढ्यावरनं युनिक फॅक्टरायझेशन गेलं म्हणता येतं का, की 6 सारखं उदाहरण दाखवावंच लागतं? कुणीतरी नीट सांगा.