डबा वॉचमनकडं ठेवतो

"काल पहाटे मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. फोटो आणि नाव बारशानंतर, राग मानू नका."

भावा, लई भारी! गंगावेशीत दूधकट्ट्यावर उभा होतो, बातमी वाचली आणि हातातला पेला हिंदकळला. 'दोघी बऱ्या आहेत' हे वाक्य दोनदा वाचलं. राग कसला? दवाखाना, वजन, कुणासारखी दिसते, काही विचारत नाही. ग्रुपवरही टाकलेलं नाही. तुमची बातमी तुम्हीच सांगा. आईनं अळीव भिजवलेत, नारळ-गुळाचे लाडू होतील. वहिनींना चालतात का तेवढं कळव, उत्तराची घाई नाही. डबा खाली वॉचमनकडं ठेवीन, बेल वाजवणार नाही. बाळाला बारशालाच बघू, तेही तुम्ही बोलावलंत तर. आणि तू जरा झोप रे!